बेकरीचा सौदा: नुसता रद्द, की भरपाईसह?

*आम्ही नवरा-बायकोने गेल्या ऑक्टोबरात कराडजवळच्या एका गावात चालू बेकरी घेतली. भट्टी, मिक्सर, ट्रे वगैरेचे ८ लाख आणि चालू धंद्याचे १० लाख, एकूण १८ लाख. गाळा मालकांचाच, तो भाड्याने. मालक सत्तरीचे काका, पण धंदा त्यांचा पुतण्या बघायचा. जुलैत पुतण्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, ‘रोज ८०० लादी जातात, त्यातल्या ३०० कारखान्याच्या कॅन्टीनला.’ सह्या १५ ऑक्टोबरला झाल्या. त्याच आठवड्यात पुतण्याने गिऱ्हाइकांची हाताने लिहिलेली यादी दिली, त्यात पहिलं नाव कॅन्टीनचं. सह्यांच्या वेळी काका म्हणाले, ‘धंदा होता तसाच आहे.’ पुतण्या शेजारी बसून होता, काही बोलला नाही. काकांनी रोजची वही पुढे केली होती, पण आम्ही विश्वासाने ती उघडलीसुद्धा नाही. डिसेंबरात कळलं की कॅन्टीनने सप्टेंबरातच पाव बंद केला होता. आता जेमतेम ५०० लादी जातात. काका म्हणतात, मला माहीतच नव्हतं. पुतण्या टोलवाटोलवी करतो. बोर्ड, रंग आणि वायरिंगला आमचे अडीच लाख गेले, बँकेचं व्याज चालू आहे. एक वकील म्हणतात, करार फक्त रद्द होईल, भरपाई विसरा. दुसरे म्हणतात, दोन्ही मिळेल. खरं काय? आणि मोठी फिरती भट्टी बुक करायची होती, ती करावी का?*

*— एक वाचक, कराड*

नमस्कार ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. भट्टी बुक करू नका. बाकीचं सगळं वाचून तुमचा निर्णय होईपर्यंत त्या दुकानात नवा मोठा खर्च करू नका. का, ते पुढे येईलच.

आता दोन वकिलांचं. दोघेही बरोबर बोलत आहेत, फक्त पहिल्यांची नजर काकांवर आहे आणि दुसऱ्यांची पुतण्यावर. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात या दोन माणसांसाठी दोन वेगळी कलमं आहेत. खोट्या गोष्टीवर स्वतःचा विश्वास ठेवून ती सांगणारा माणूस कलम १८ मध्ये येतो. ते मिसरिप्रेझेंटेशन, म्हणजे चुकीचं निवेदन. खोटं आहे हे ठाऊक असून, समोरच्याला फसवण्याच्या हेतूने सांगणारा कलम १७ मध्ये येतो. ती फसवणूक. वाक्य दोघांचं एकच असू शकतं. फरक पडतो तो बोलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होतं यावर, आणि पैशाचा सगळा हिशेब तिथूनच बदलतो.

काकांपासून सुरुवात करू. ‘धंदा होता तसाच आहे’ हे त्यांचं वाक्य १५ ऑक्टोबरला खोटं होतं. समजा त्यांना खरंच माहीत नव्हतं. सत्तरीचा माणूस, रोज दुकानात जात नाही, पुतण्या सांगेल ते ऐकतो, हे पटण्यासारखं आहे. पण माहीत नव्हतं म्हणून ते सुटत नाहीत. कलम १८ मध्ये पहिलाच प्रकार असा आहे: हाताशी पुरेशी माहिती नसताना एखादी खोटी गोष्ट ठामपणे सांगणं, मग सांगणाऱ्याला ती खरी वाटत असली तरी. पुतण्याला न विचारता, वही न बघता, काकांनी ठाम विधान केलं. ते भाबडेपणाने केलं असेल, निष्काळजीपणाने केलं असेल, पण नुसत्या भाबडेपणाला फसवणूक म्हणता येत नाही. त्यासाठी ते खोटं असल्याची जाणीव सिद्ध करावी लागते, किंवा निदान खरं-खोटं काहीही असो अशी बेफिकिरी.

जुलैचा व्हॉट्सॲप संदेश मात्र जरा वेगळा आहे. तो पाठवला तेव्हा बहुधा खराच होता, कारण कॅन्टीनने पाव सप्टेंबरात बंद केला. समोरची बाजू हे नक्की म्हणेल. त्यावर इंग्लंडमधला १९३६ सालचा विथ विरुद्ध ओफ्लॅनगन हा निकाल तुमच्या कामाचा आहे. एका डॉक्टरने आपली प्रॅक्टिस विकायला काढली. जानेवारी १९३४ मध्ये सांगितलं की वर्षाला २,००० पौंड मिळतात, आणि ते तेव्हा खरं होतं. मग डॉक्टर आजारी पडले, रुग्ण दुसरीकडे गेले, आणि मे महिन्यात सह्या झाल्या तेव्हा प्रॅक्टिसमध्ये जवळजवळ काही उरलं नव्हतं. घेणाऱ्याला कोणी काही सांगितलं नाही. अपील कोर्टाने करार रद्द केला. तत्त्व असं की वाटाघाटीत सांगितलेली गोष्ट सह्या होईपर्यंत चालू असते, आणि मध्ये ती खोटी ठरली तर सांगणाऱ्याने ती दुरुस्त केली पाहिजे. इंग्लंडचे निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, पण करार कायद्याच्या बाबतीत त्यांचा आधार नेहमी घेतला जातो.

तर कलम १८ खाली तुम्हाला काय मिळतं? कलम १९ म्हणतं की असा करार फसलेल्या पक्षाच्या मर्जीने रद्द होऊ शकतो. तुम्ही रद्द केलात की कलम ६४ लागतं, म्हणजे ज्याने रद्द केला त्याने घेतलेला लाभ परत करायचा. साहजिकच काकांनाही घेतलेले पैसे परत करावे लागतात. भट्टी, मिक्सर, गाळा, दुकानाचं नाव त्यांच्याकडे, १८ लाख तुमच्याकडे. मधल्या काळात तुम्ही दुकानातून जे कमावलं त्याचा आणि यंत्रांच्या झिजेचा हिशेब कोर्ट मागू शकतं. करार रद्द करून देताना, रद्द करून घेणाऱ्याने समोरच्याला न्याय्य मोबदला द्यावा असं सांगण्याचा अधिकार १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३० मध्ये कोर्टाला आहे.

पण बोर्ड-रंग-वायरिंगचे अडीच लाख, बँकेचं व्याज, या धंद्यासाठी तुम्ही सोडलेलं दुसरं काम, हे सगळं या वाटेने येत नाही. १९०० सालच्या व्हिटिंग्टन विरुद्ध सील-हेन या इंग्रजी खटल्यात हे फार स्पष्ट दिसतं. एकाने कोंबडीपालनासाठी जागा भाड्याने घेतली. मालकाने प्रामाणिक समजुतीने सांगितलं होतं की जागा आरोग्याच्या दृष्टीने ठीक आहे. पाणी दूषित निघालं, कोंबड्या मेल्या, व्यवस्थापक आजारी पडला. भाडेकरूने सगळं नुकसान मागितलं. मिळालं ते फक्त करारामुळेच अंगावर आलेलं ओझं, म्हणजे भाडं, कर आणि स्थानिक प्रशासनाने करायला लावलेली दुरुस्ती. मेलेल्या कोंबड्या, बुडालेला नफा, औषधपाणी यांतलं काही नाही. तुमचे पहिले वकील म्हणतात ते हेच. सौदा होता त्या जागी परत नेऊन ठेवायचा, पण सौद्यामुळे झालेलं नुकसान भरून द्यायचं नाही.

इंटरनेटवर शोधलंत तर तुम्हाला दिसेल की निष्काळजी चुकीच्या निवेदनालाही भरपाई मिळते. ते इंग्लंडमध्ये, १९६७ च्या खास कायद्यामुळे. तिथे विश्वास ठेवायला स्वतःकडे वाजवी कारण होतं हे सांगणाऱ्याला सिद्ध करावं लागतं, नाहीतर भरपाई द्यावी लागते. आपल्याकडे तसा कायदा नाही. काही वकील आपल्या कायद्याच्या कलम ७५ वर बोट ठेवतात, ज्यात योग्य रीतीने करार रद्द करणाऱ्याला भरपाई दिली आहे. पण त्या कलमाचे शब्द ‘करार पूर्ण न झाल्यामुळे’ झालेल्या नुकसानीबद्दल आहेत. तुमचं नुकसान करार पूर्ण न झाल्याने झालेलं नाही, खोट्या माहितीवर तो केल्याने झालेलं आहे. कलम १९ मध्ये दुसराही एक पर्याय आहे: करार ठेवायचा आणि निवेदन खरं असतं तर आपण जिथे असतो तिथे आपल्याला नेऊन ठेवा असं म्हणायचं. कायद्यातच त्याचं उदाहरण दिलं आहे, बोजा नाही असं सांगून विकलेल्या मिळकतीवर गहाण निघालं तर घेणारा ते फेडून मागू शकतो. गहाण फेडता येतं. कॅन्टीनचं बंद झालेलं गिऱ्हाईक कोर्ट परत सुरू करून देऊ शकत नाही. मागणीत हे दोन्ही मुद्दे वकिलांना घालू द्या, पण त्यांच्या भरवशावर गणित मांडू नका.

आता ती वही. तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत जास्त काळजी वाटलेली गोष्ट हीच आहे.

कलम १९ ला एक अपवाद आहे. संमती चुकीच्या निवेदनामुळे दिली असेल, किंवा फसव्या मौनामुळे दिली असेल, आणि सर्वसाधारण काळजी घेतली असती तर खरं कळण्याचं साधन तुमच्या हाताशी होतं, तर करार रद्द करता येत नाही. इंग्लंडमध्ये असं नाही. तिथे १८८१ च्या रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड या खटल्यात एका वकिलाने आपली प्रॅक्टिस विकताना उत्पन्न फुगवून सांगितलं होतं, कागद समोर ठेवले होते, घेणाऱ्याने ते नीट पाहिले नाहीत, तरी कोर्टाने सौदा रद्द होऊ दिला. खोटं सांगणाऱ्याने ‘तुला तपासता आलं असतं’ असं म्हणायचं नाही, असा तो विचार. माझ्या मते तो जास्त न्याय्य आहे. पण आपल्या कायद्यात अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे, आणि काकांचे वकील पहिल्याच तारखेला म्हणतील: वही टेबलावर होती, यांनी उघडली नाही.

याला उत्तरं आहेत. वही किती वेळ पुढे होती? तिच्यात कॅन्टीनची नोंद वेगळी असते की नुसता दिवसाचा एकूण आकडा? पाव कमी-जास्त होणं सणावारामुळे असू शकतं, मग नुसत्या बेरजेवरून कॅन्टीन गेल्याचं कळलं असतं का? आणि विकणाऱ्यानेच त्याच आठवड्यात गिऱ्हाइकांची ताजी यादी दिल्यावर साध्या माणसाने अजून काय काळजी घ्यायची? हे मुद्दे चांगले आहेत. पण नुसत्या काकांच्या वाक्यावर उभं राहिलात, तर पाय डळमळीत आहे. भरपाई तर नाहीच, करार रद्द होणंसुद्धा धोक्यात येतं.

म्हणून पुतण्याकडे वळायचं. तो सह्यांच्या वेळी गप्प बसला होता ना? त्या मौनावर फार विसंबू नका. कलम १७ नुसार नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नसते. परिस्थितीमुळे बोलणं बंधनकारक असेल, किंवा गप्प बसणं हेच बोलल्यासारखं असेल, तरच ती फसवणूक ठरते. जुलैचा स्वतःचा आकडा खोटा ठरल्यावर त्याने बोलायला हवं होतं, हा युक्तिवाद भक्कम आहे. पण मौन फसवं आहे असं ठरलं तरी वहीचा अपवाद त्यालाही लागतो, हे वर आलंच.

यादीचं तसं नाही. कॅन्टीनने पाव सप्टेंबरात बंद केला, आणि ऑक्टोबरात त्याने स्वतःच्या हाताने ‘गिऱ्हाईक’ म्हणून पहिलं नाव कॅन्टीनचं लिहून दिलं. हे मौन नाही. खोटी गोष्ट खरी म्हणून सांगणं आहे, आणि ज्याला ती खरी वाटत नाही अशा माणसाने सांगणं आहे, तुम्ही सौदा करावा म्हणून. कलम १७ चा पहिला प्रकार शब्दशः हाच आहे. अशा उघड फसवणुकीला वहीचा अपवाद लागू होत नाही. तुम्ही वही उघडली नाहीत हा बचाव पुतण्याला मिळत नाही.

इथेच वही उलटून तुमच्या बाजूने येते. ती कोण लिहायचं? पुतण्याच लिहायचा असणार. सप्टेंबरच्या एका तारखेपासून आकडा ८०० वरून ५०० वर आलेला दिसत असेल, तर तो लिहिणाऱ्याला ते माहीत होतं याहून चांगला पुरावा नाही. आणि त्या तारखेनंतरही वहीत ८०० च लिहिलेलं असेल, तर वही खोटी लिहिली गेली. मग ती बघूनही तुम्हाला काही कळलं नसतं. म्हणजे वही काहीही दाखवो, पुतण्याला अडचणच आहे. तिचे फोटो काढा, मूळ वही जपून ठेवा. ती काकांकडे असेल तर नोटिशीत ती नष्ट करू नका असं बजावा, आणि नंतर कोर्टामार्फत हजर करायला लावता येते.

तुम्ही विचाराल, करार काकांशी आहे, पुतण्याच्या लबाडीचा काकांवर काय परिणाम? कलम १७ मध्येच फसवणूक ‘पक्षाने किंवा त्याच्या एजंटने’ केलेली चालते. कलम २३८ तेच पुन्हा सांगतं: मालकाच्या वतीने काम करताना एजंटने केलेलं चुकीचं निवेदन किंवा फसवणूक, त्या करारापुरती, मालकानेच केल्यासारखी धरायची. वाटाघाटी, आकडे, यादी सगळं पुतण्याने काकांच्या वतीने केलं. म्हणून काका स्वतः निर्दोष असले तरी त्यांचा करार फसवणुकीचा करार म्हणून रद्द होतो. आणि पुतण्या करारात पक्ष नसला तरी भरपाईसाठी त्याला प्रतिवादी करता येतं. फसवणूक हा करारापलीकडचा, स्वतंत्र दिवाणी अपराध आहे, आणि तो करणारा स्वतः जबाबदार असतो. करार रद्द करून पैसे मागायचे ते काकांकडून, भरपाई दोघांकडून. काकांच्या वतीने, त्यांच्या कामाच्या ओघात पुतण्याने हे केलं, म्हणून त्यांच्यावरही जबाबदारी येते.

फसवणूक सिद्ध झाली तर पैशाचं काय होतं ते तुमच्या आकड्यांवर बघू. दोन वाटा आहेत, आणि एकच निवडायची.

पहिली, करार रद्द करून बाहेर पडायचं. १८ लाख परत, दुकान परत. त्यावर आता फसवणुकीची भरपाई: अडीच लाखांचा खर्च, कारण खरं कळलं असतं तर तो तुम्ही केलाच नसता, आणि कर्जाचं व्याज. कोर्टाने १८ लाखांवर व्याज दिलं तर बँकेचं व्याज पुन्हा वेगळं मिळणार नाही, एकाच नुकसानीचे पैसे दोनदा नसतात. मधल्या काळातला दुकानाचा नफा यातून वजा होईल.

दुसरी, बेकरी ठेवायची आणि फरक मागायचा. १५ ऑक्टोबरला, ५०० लादी खपणारी ही बेकरी बाजारात किती किमतीला गेली असती? समजा मूल्यांकन करणाऱ्याने सांगितलं की यंत्रांचे ८ लाख बरोबर आहेत, पण धंद्याचे १० ऐवजी ५. तर खरी किंमत १३, तुम्ही दिले १८, फरक ५ लाख. त्यात फसवणुकीमुळे थेट झालेलं इतर नुकसान येऊ शकतं. अडीच लाख मात्र इथे येणं कठीण, कारण बोर्ड आणि वायरिंग तुमच्याकडेच राहतं, तुम्ही ते वापरताय.

एक गोष्ट कोणत्याही वाटेने फसवणुकीखाली मिळत नाही, आणि लोक तीच आधी मागतात: ८०० लादी गेल्या असत्या तर झाला असता तो नफा. फसवणुकीची भरपाई तुम्हाला सौदा झालाच नसता तर असता त्या जागी नेते, खोटं खरं झालं असतं तर असता त्या जागी नाही. तो नफा मागता येतो फक्त आकडा करारातच अट म्हणून असेल तर. मग तो करारभंग होतो, कलम ७३ ची भरपाई लागते, आणि फसवणूक सिद्ध करायचीही गरज राहत नाही. म्हणून करारनामा पुन्हा वाचा. ‘सोबतच्या यादीप्रमाणे गिऱ्हाईक’ असं एखादं वाक्य किंवा यादी परिशिष्ट म्हणून जोडलेली आहे का? असेल तर तुमच्या वकिलांना तेच आधी दाखवा.

दोन वाटांमध्ये माझा कौल विचाराल तर, तो काकांची ऐपत बघून ठरवा. १८ लाख परत मिळण्याचा हुकूम हातात आला पण काकांनी ते पैसे मुलाच्या घरात घातले असतील, तर वसुली वर्षानुवर्षं चालेल, आणि तोवर चालू दुकान हातातून गेलेलं असेल. ५०० लादींवर भाडं आणि हप्ता निघत असेल, तर बेकरी ठेवून ५-६ लाखांचा दावा करणं जास्त शहाणपणाचं ठरू शकतं. निघत नसेल तर बाहेर पडणंच बरं. गाळा काकांचाच आहे, ही बाहेर पडण्याच्या बाजूने चांगली गोष्ट आहे. तिसऱ्या कोणाचे हक्क मध्ये आलेले नाहीत, जागा आणि यंत्रं जशीच्या तशी परत करता येतात. हे परत करणं शक्य नसतं तर करार रद्द करून मिळणंच अवघड झालं असतं.

आता भट्टीकडे. खरं कळल्यावर तुम्ही मालकासारखं वागत राहिलात, नवी गुंतवणूक केली, जुनी भट्टी काढून टाकली, तर कायदा म्हणतो की तुम्ही करार मान्य केलात. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २७ मध्ये उघड किंवा वागण्यातून दिलेली मान्यता, हे करार रद्द न करण्याचं एक कारण आहे. डिसेंबरात कळलं, म्हणजे घड्याळ तेव्हापासून चालू आहे. दुकान बंद करू नका, बंद केलंत तर उरलेलं गिऱ्हाईकही जाईल आणि काका म्हणतील की धंदा तुम्ही बुडवला. पण लवकरात लवकर नोटीस पाठवा. कलम ६६ नुसार करार रद्द केल्याचं कळवणं हे प्रस्ताव कळवतो त्याच रीतीने चालतं, साधं पत्रही पुरतं, पण स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच ठेवा. निर्णय झालेला नसेल तरी पहिल्या नोटिशीत इतकं असू द्या: अमुक तारखेची यादी खोटी होती, कॅन्टीनने तेव्हा पाव बंद केलेला होता, करार रद्द करण्याचा आणि भरपाईचा आमचा हक्क राखून ठेवला आहे, धंद्याची किंमत घसरू नये एवढ्यासाठीच दुकान चालवत आहोत, आणि रोजचा हिशेब ठेवत आहोत. मग तो हिशेब खरोखर ठेवा, एकही दिवस न चुकवता. या नोटिशीने दोन-चार आठवडे मिळतील, दोन-चार महिने नाहीत.

दाव्यात फसवणूक नुसती ‘आमची फसवणूक झाली’ एवढ्यावर मांडता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे तपशील द्यावा लागतो: कोणी, कधी, काय सांगितलं, ते खोटं कसं, त्याला ते माहीत कसं. तो तपशील नसेल तर आरोप कितीही खरा असला तरी कोर्ट त्यात शिरत नाही. वकिलांना मागणी दोन थरांत मांडायला सांगा. मुख्य मागणी फसवणुकीची, करार रद्द आणि भरपाई. पर्यायी मागणी चुकीच्या निवेदनाची, निदान करार रद्द. पुतण्याला माहीत होतं हे सिद्ध झालं नाही, आणि पर्यायी मागणी दाव्यात लिहिलेलीच नसली, तर अडचण होते.

पुराव्यात तीन गोष्टी मिळवा. कॅन्टीनने पाव कोणत्या तारखेपासून बंद केला, आणि ते कोणाला कळवलं, याचं कॅन्टीन चालवणाऱ्याकडून लेखी पत्र. हे पत्र नसेल तर यादी ही फक्त एक यादी राहते. पाव बंद करत असल्याचं कॅन्टीनचं तेव्हाचं पत्र पुतण्याच्या नावाने गेलेलं असेल किंवा शेवटचं बिल त्याने सही करून वसूल केलेलं असेल, तर त्याचं ‘मला माहीत नव्हतं’ तिथेच संपतं. दुसरी, व्हॉट्सॲपचा मूळ संदेश. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, ते वकील करून देतील. तिसरी तुम्ही कदाचित विसरला असाल, ती म्हणजे बँकेला दिलेला प्रकल्प अहवाल. त्यात ८०० लादी धरून उत्पन्न मांडलेलं असेल, तर त्या आकड्यावर विसंबूनच तुम्ही सौदा केला हे सह्यांआधीच्या तारखेच्या कागदावर सिद्ध होतं. कलम १९ च्या स्पष्टीकरणानुसार खोट्या गोष्टीमुळे संमती दिली गेली नसेल तर करार रद्द होत नाही, त्यामुळे हा कागद दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. बँकेतून त्याची शिक्कामोर्तब प्रत काढून घ्या.

पोलिसांत जावं का, असं कोणीतरी सुचवेलच. पुतण्यावर फसवणुकीची फौजदारी तक्रार होऊ शकते. पण तिथे सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो, आणि पोलीस स्टेशन पैसे वसूल करून देणारी जागा नाही. काकांचं नाव त्या तक्रारीत घालू नका. त्यांना माहीत होतं याला तुमच्याकडे आज काही आधार नाही. शिवाय दिवाणी दाव्यात त्यांनी ‘पुतण्यानेच सगळं पाहिलं, मला काही माहीत नव्हतं’ असं शपथेवर सांगणं तुमच्याच फायद्याचं आहे. पुतण्या त्यांचा एजंट होता हे त्यातून आपोआप सिद्ध होतं. म्हणून त्यांच्याशी बोलणं तोडू नका. जे बोलतील ते लेखी किंवा मेसेजवर येईल असं बघा.

करार रद्द करण्याच्या दाव्याला लिमिटेशन कायद्याच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे खरं कळल्यापासून तीन वर्षं मिळतात, म्हणजे तुमच्यासाठी डिसेंबरपासून. पण ही शेवटची मुदत आहे. तीन वर्षं दुकान चालवून मग करार रद्द करा म्हणालात, तर मुदतीत असूनही मान्यतेच्या मुद्द्यावर हराल. या आठवड्यात कॅन्टीनचं पत्र आणि नोटीस, एवढी दोन कामं करा. पत्रावरची तारीख हातात आली की दोन वाटांपैकी कोणती, हे वकिलांबरोबर बसून ठरवा, आणि भट्टीवाल्याला तोवर थांबायला सांगा.